माठात लोणचं का घालत नाहीत?

(सातवीच्या वर्गासाठी परिपाठात केलेलं भाषण. जिल्हा परिषद शाळा, परभणी जिल्हा)

मुलांनो, व्हरांड्यातल्या माठाला हात लावून बघितलाय? बाहेरून ओलसर लागतो. तो फुटका नाही. मडकं भट्टीत भाजलं तरी मातीत डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं राहतात. त्यातून पाणी झिरपतं आणि बाहेर आलं की त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० ज्यूल उष्णता लागते. त्यातली बरीचशी माठातून आणि आतल्या पाण्यातून जाते, म्हणून पाणी गार होतं. आपल्या मराठवाड्यात उन्हाळ्याची हवा कोरडी असते, त्यामुळं वाफ झपाट्यानं होते. कोकणातल्या दमट हवेत हाच माठ इतकं गार पाणी देत नाही. आपल्याकडंही श्रावणात त्याचा जोर कमी होतो. स्टीलच्या कळशीला छिद्रंच नसतात, त्यामुळं तिच्यातलं पाणी असं गार होत नाही.

मग एवढ्या गुणाच्या माठात आजी लोणचं का घालत नाही? त्याच छिद्रांमुळं! तेल आणि खार भिंतीत मुरतील. तांब्या-पितळेच्या भांड्यात घातलं, तर कैरीच्या आंबट रसाची धातूशी अभिक्रिया होते, लोणचं कळकतं आणि खाल्लं तर त्रास होतो. म्हणून चिनी मातीची बरणी. तीही मातीचीच, पण वर काचेसारखा थर असतो. छिद्रं बुजतात आणि आंबट-खारटाचा तिच्यावर परिणाम होत नाही. मला हे फार आवडतं: एकाच गोष्टीला एकीकडं गुण म्हणायचं, दुसरीकडं दोष.

भाकरीचा तवा जाड लोखंडाचा असतो. पाणी लावलेली भाकरी पडली की पातळ पत्रा लगेच निवतो, जाड लोखंडात मात्र उष्णता साठलेली असते.

विळ्याचं पातं पोलादाचं, म्हणजे लोखंडात थोडा कार्बन. लोहार ते लालबुंद तापवून पाण्यात बुडवतो, त्याला पाणी पाजणं म्हणतात. त्यानं पातं कडक होतं, धार टिकते. पण फार कडक झालं तर दगडावर लागताच टवका उडतो. म्हणून ते पुन्हा हलकं तापवून थोडा चिवटपणा आणावा लागतो. कडकपणा आणि चिवटपणा यांचा मेळ घालणं, हीच लोहाराची खरी विद्या.

आता विजेच्या खांबाकडं बघा. वीज वाहून न्यायला तांबं जास्त चांगलं, तरी वरची तार ॲल्युमिनियमची. कारण तांब्याची घनता ८.९ आणि ॲल्युमिनियमची २.७. तेवढीच वीज न्यायला ॲल्युमिनियमची तार थोडी जाड घ्यावी लागते, तरी ती वजनाला निम्मीच भरते आणि स्वस्तही पडते. विहिरीवरच्या मोटारीत जागा कमी, म्हणून तिथं सहसा तांब्याची वायर गुंडाळतात.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव असते. ती तापवूनच का बसवतात, हे घरी आजोबांना विचारून या. बुधवारी विज्ञानाच्या तासाला तुम्ही सांगायचं.