नवं प्रोफाइल, नीट वाचूनच लिहा

वय 37. फिजिओथेरपिस्ट. घटस्फोटित. लग्नाच्या दिशेने जाऊ शकेल असं नातं शोधते आहे.

हे प्रोफाइल मी पहिल्यापासून लिहून काढलं आहे. जुन्यात "मनमोकळी, गप्पांची आवड" एवढंच होतं, आणि त्यावर येणारे मेसेज बहुतेक एकाच साच्यातले. रात्री साडेअकराला "हाय". दोन मिनिटांनी "जागी आहेस?" मग "काय घातलंयस?" उत्तर दिलं नाही की सकाळपर्यंत एखादी शिवी. आठ महिने हे वाचलं, आता वाचणार नाही. फोटो मात्र तेच ठेवले आहेत, किनाऱ्यावरचासुद्धा. तो मला आवडतो आणि त्यात चुकीचं काही नाही.

माझ्या कामाबद्दल आधी सांगते, कारण सगळ्यात जास्त घाण तिथूनच सुरू होते. "मसाज देतेस का?" हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे की विचारणाऱ्याला मी लगेच ब्लॉक करते. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेला माणूस माझ्याकडे येतो तेव्हा पाय वाकवायला घाबरत असतो. मी गोनिओमीटरने कोन मोजते: आज 65, चार दिवसांनी 72. साधारण 90 अंशांपर्यंत गुडघा वाकला की खुर्चीत नीट बसता येतं, आणि त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठी मी हे काम करते. दुखतंय म्हटलं की मी थांबते. हात लावण्याआधी विचारते. बारा वर्षं रोज हेच करत आल्यामुळे, न विचारता जवळ येणारा माणूस मला चालत नाही, मेसेजमध्येही नाही.

घटस्फोटित म्हणजे "काहीही चालेल" असा अर्थ काढणारे बरेच भेटले. तसं नाही. शारीरिक जवळीक मला महत्त्वाची वाटते, तो विषय माझ्यासाठी वर्ज्यही नाही. पण तो कधी निघावा हे दोघांनी मिळून ठरवायचं. एकमेकांना पुरतं ओळखायच्या आधी तो काढलात, तर मी बोलणं तिथेच संपवेन. तुम्हाला फक्त शारीरिक संबंध हवे असतील तर तसं शोधणाऱ्या व्यक्तीशी बोला. माझी काही तक्रार नाही, पण ती व्यक्ती मी नाही.

फोटो मागू नका आणि न मागितलेले पाठवू नका. नागडा फोटो आला तर स्क्रीनशॉट, रिपोर्ट, ब्लॉक, याच क्रमाने. "चुकून गेला" किंवा "गंमत केली" हे ऐकून घेणार नाही, दुसरी संधीही देणार नाही. लग्न झालेलं असेल आणि घरी माहीत नसेल, तर कृपया लिहूच नका.

कामावर असताना फोन लॉकरमध्ये असतो, त्यामुळे उत्तर संध्याकाळीच येईल. मधल्या वेळात प्रश्नचिन्हांची रांग लावू नका. रात्री दहानंतर मी फोन बघत नाही. सुरुवातीला "तुम्ही" म्हणा, "तू"वर आपण सावकाश येऊ. "डिअर", "बेबी" नको. माझा नंबर मी स्वतःहून देईन. त्याआधी याच अ‍ॅपवर एक व्हिडिओ कॉल करू. पहिली भेट दिवसा, लोकांची वर्दळ असलेल्या ठिकाणी, तासाभराची. येण्याजाण्याचं माझं मी बघेन, आणि मी कुठे आहे हे माझ्या मैत्रिणीला माहीत असेल. यात तुमच्यावर संशय घेण्यासारखं काही नाही. मी प्रत्येकाला असंच भेटते. तुम्हीही तुमच्या कुणाला तरी सांगून या.

आता बाकीचं. पोहायला मी तेहतिसाव्या वर्षी शिकले. आधी पाण्यात तोंड बुडवायची भीती वाटायची, आता आठवड्यातून तीनदा एक किलोमीटर पोहते, म्हणजे 25 मीटरच्या तलावात 40 फेऱ्या. तिसाव्या फेरीच्या आसपास डोकं अगदी शांत होतं. रहस्यकथा वाचायला आवडतात, आणि कुणी मोठ्याने वाचून दाखवत असेल तर त्याहून जास्त. भांडण झालं तर मला बोलून मोकळं व्हायला आवडतं, चार दिवस अबोला सहन होत नाही. मूल हवं की नको, याबद्दल माझं मन अजून खुलं आहे. तुमचं पक्कं ठरलेलं असेल तर लवकर सांगा.

मला असा माणूस आवडेल जो "नाही" ऐकल्यावर रुसत नाही आणि कारण खोदून विचारत बसत नाही. मीही तुमच्या "नाही"शी तशीच वागेन.

लिहायचं असेल तर पहिल्या मेसेजमध्ये नाव सांगा, आणि मोठेपणी शिकलेली एखादी गोष्ट सांगा, जमली नसली तरी चालेल. त्यावरून मला कळेल की तुम्ही इथपर्यंत वाचलं आहे. अशा मेसेजला मी दोन दिवसांत उत्तर देते. पुढे बोलावंसं वाटलं नाही तरी गायब होणार नाही, तसं लिहून कळवेन.