कॅशलेस मंजुरी नाकारल्याची कारणे लेखी मिळणेबाबत

दिनांक : १७ जून २०२५, दुपारी १.१५
स्थळ : मिरज

प्रति,
१) मा. वैद्यकीय अधीक्षक, रुग्णालय कार्यालय, मिरज
२) मा. तक्रार निवारण अधिकारी, आरोग्य विमा विभाग, विमा कंपनी, शाखा सांगली
प्रत : कंपनीच्या वतीने काम पाहणारा टीपीए, कॅशलेस विभाग

विषय : रुग्ण श्री. दत्तात्रय सुर्वे, वय ६६, राहणार तासगाव, यांची कॅशलेस मंजुरी दाखल होताना नाकारल्याबाबत लेखी कारणे मिळावीत व प्रस्ताव पुन्हा तपासावा.

संदर्भ : पॉलिसीचे शेवटचे पाच अंक ४४१७२, विमा रक्कम ५ लाख रुपये, १८ ऑगस्ट २०१८ पासून खंड न पडता चालू.

महोदय / महोदया,

वरील रुग्ण माझे वडील आहेत. त्यांच्या संमतीने हे पत्र लिहीत आहे, खाली त्यांचीही सही आहे. दोन्ही कार्यालयांना मुद्दाम एकच पत्र देत आहे. सकाळपासून रुग्णालय म्हणते ‘कंपनीला विचारा’ आणि कंपनीचा हेल्पलाइन क्रमांक म्हणतो ‘रुग्णालयाकडून कळेल’. दोघांच्या हातात एकच कागद असला तर हा फेरा थांबेल.

काल, सोमवारी १६ जूनला, रात्री ९.४० वाजता वडिलांना आकस्मिक विभागातून दाखल करून घेतले. पोटात उजव्या बाजूला असह्य दुखत होते, ताप १०२ होता. सोनोग्राफीत पित्ताशयाच्या मानेशी ११ मि.मी.चा खडा अडकलेला दिसला, पित्ताशयाची भिंत सुजलेली होती, पांढऱ्या पेशी १६,८०० निघाल्या. बुधवारी सकाळी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करावी लागेल, जास्त थांबणे बरे नाही, असे सर्जन सरांनी सांगितले. खर्चाचा अंदाज १,८५,००० रुपये दिला.

टीपीए डेस्कने सांगितल्यानुसार प्री-ऑथचा फॉर्म रात्री १०.५५ ला गेला. रात्री १२.५० ला त्यावर क्वेरी आली : मधुमेह केव्हापासून आहे, पहिल्या निदानाचा कागद द्या. ही क्वेरी आम्हाला कळली सकाळी ८.१५ ला, डेस्क उघडल्यावर. मी रात्रभर त्याच मजल्यावर बाकावर बसून होते. माझा मोबाइल नंबर फॉर्मवर आहे. कोणीही फोन केला नाही. ९.०५ ला मी जुने रिपोर्ट डेस्कच्या व्हॉट्सॲपवर पाठवले आणि १०.२० ला मला सांगण्यात आले, ‘मॅडम, फाइल रिजेक्ट झाली, पैसे भरून घ्या, नंतर क्लेम करा.’

कारण विचारले तेव्हा संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर एकच ओळ होती, तिचा अर्थ असा : या टप्प्यावर दायित्व निश्चित करता येत नाही, सबब कॅशलेस नामंजूर. कलम क्रमांक नाही, निर्णय घेणाऱ्याचे नाव किंवा हुद्दा नाही, आमचे ९.०५ चे कागद पाहिले की नाही याचाही उल्लेख नाही. त्या ओळीची प्रिंट मागितली तर ‘सिस्टिममधून निघत नाही’ असे उत्तर मिळाले.

तोंडी सांगितलेल्या नकाराविरुद्ध आम्ही कुठेही दाद मागू शकत नाही. म्हणून कारण कागदावर हवे आहे.

नकाराचे मूळ कुठे असावे, याचा अंदाज मला केस पेपर पाहिल्यावर आला. दाखल करताना माझा धाकटा भाऊ सोबत होता. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी विचारले, शुगर आहे का? तो म्हणाला, हो, बरीच वर्षं झाली. केस पेपरवर लिहिले गेले : मधुमेह, ८ वर्षे. आठ हा आकडा भावाने सांगितलेला नाही. वडील त्या वेळी वेदनेने बोलूच शकत नव्हते. आठ वर्षे मागे गेले की जून २०१७ येतो, म्हणजे पॉलिसीच्या आधीचा काळ. घाईत लिहिलेल्या या एका आकड्यामुळे वडिलांनी आजार लपवला असे चित्र तयार झाले आहे. मला पैशांपेक्षाही हे जास्त लागले. एसटीत ३१ वर्षे तिकिटांचा हिशेब चोख ठेवलेला हा माणूस आहे.

वस्तुस्थिती अशी आहे. वडिलांचा मधुमेह पहिल्यांदा फेब्रुवारी २०२१ मध्ये, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीच्या रक्ततपासणीत निघाला. उपाशीपोटी साखर १६८ होती, गोळी तेव्हा सुरू झाली. तो रिपोर्ट आणि पहिली चिठ्ठी सोबत आहे. आणि ऑगस्ट २०१८ मध्ये पॉलिसी देण्यापूर्वी कंपनीने स्वतः ठरवलेल्या लॅबमध्ये वडिलांची तपासणी करवून घेतली होती, त्यात उपाशीपोटी साखर ९४ होती. तो रिपोर्ट कंपनीच्याच दप्तरी आहे. केस पेपरवरची एक ओळ ग्राह्य धरायची आणि स्वतः करून घेतलेली तपासणी बाजूला ठेवायची, हे कसे, ते कृपया समजावून सांगावे.

विमा कंपनीस विनंती

नकार कोणत्या कलमाखाली दिला, ते कलम क्रमांक व मजकुरासह लिहून द्यावे. पूर्वीचा आजार हे कारण असेल, तर पित्ताशयातला खडा आणि मधुमेह यांचा संबंध कंपनीच्या कोणत्या डॉक्टरांनी, कोणत्या कागदावरून जोडला, तेही द्यावे. प्रतीक्षा कालावधी हे कारण असेल, तर पॉलिसीला ६ वर्षे १० महिने होत आले आहेत, हे लक्षात घ्यावे. पूर्वीच्या आजारासाठी सध्याच्या नियमांनुसार प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त ३६ महिने आहे. शिवाय सलग ६० महिने पूर्ण झालेल्या पॉलिसीवर माहिती न दिल्याच्या किंवा चुकीची दिल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. आमचे शेवटचे नूतनीकरण ऑगस्ट २०२४ मधले, म्हणजे हे नियम आल्यानंतरचे आहे. फसवणूक झाली असे कंपनीचे म्हणणे असेल तर तो शब्द स्पष्ट लिहावा आणि पुरावाही द्यावा.

आयआरडीएआयच्या २९ मे २०२४ च्या आरोग्य विमा मास्टर सर्क्युलरनुसार कॅशलेसच्या विनंतीवर ती मिळाल्यापासून एका तासाच्या आत निर्णय द्यायचा असतो. आमचा अर्ज रात्री १०.५५ ला गेला आणि पहिली क्वेरीच जवळपास दोन तासांनी आली. प्रस्ताव कंपनीला किंवा टीपीएला नेमका किती वाजता मिळाला, क्वेरी किती वाजता कोणाला पाठवली आणि अंतिम निर्णय किती वाजता झाला, या वेळा लिहून द्याव्यात. त्याच सर्क्युलरनुसार कोणताही दावा समितीच्या मंजुरीशिवाय नाकारायचा नाही आणि नाकारताना पॉलिसीतल्या विशिष्ट अटींचा हवाला द्यायचा आहे. ही शिस्त कॅशलेस नाकारताना लागू होत नाही असे कंपनीचे मत असेल, तर तेवढे वाक्य तरी लेखी द्यावे. टीपीए कंपनीच्या वतीने काम करतो, त्यामुळे उत्तर कंपनीच्या लेटरहेडवर, अधिकाऱ्याच्या सहीने हवे. टीपीएचा मेसेज आम्ही उत्तर समजणार नाही.

सोबतचे कागद पाहून प्रस्ताव पुन्हा तपासावा आणि आज संध्याकाळी ६ पर्यंत निर्णय कळवावा. शस्त्रक्रिया उद्या सकाळी आहे, म्हणून ही वेळ मागत आहे.

रुग्णालयास विनंती

उपचारांबद्दल आमची कसलीही तक्रार नाही. रात्री नर्सिंग स्टाफने वडिलांना ज्या मायेने सांभाळले ते मी विसरणार नाही. तक्रार आहे ती कागदांबद्दल. पाठवलेल्या प्री-ऑथ फॉर्मची प्रत, आलेली क्वेरी, दिलेले उत्तर आणि नकाराचा संदेश, हे चारही आज शिक्क्यानिशी द्यावेत. दाखल झाल्यापासूनच्या केस पेपरची प्रतही हवी आहे. रुग्णाने नोंदी मागितल्यावर त्या ७२ तासांच्या आत द्याव्यात, असा वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेचा नियम आहे. आम्हाला मात्र त्या आजच लागतील, कारण कंपनीचा निर्णय त्याच नोंदींवर उभा आहे.

मधुमेहाच्या कालावधीची मूळ नोंद खोडू नये, ती आहे तशी राहू द्यावी. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी २०२१ चा रिपोर्ट पाहून, निदान केव्हाचे आहे आणि आधीची माहिती कोणी, कोणत्या परिस्थितीत दिली, याचे वेगळे स्पष्टीकरण तारीख-वेळ घालून सहीने द्यावे आणि ते आपल्याच डेस्कने कंपनीला पाठवावे. रात्री १२.५० ची क्वेरी सकाळपर्यंत का पडून राहिली, तेही कळवावे. आकस्मिक विभाग रात्रभर चालू असतो, तेव्हा रात्री दाखल होणाऱ्यांच्या विम्याचे काम कोणी पाहायचे हेही ठरलेले असायला हवे.

८०,००० रुपये अनामत मागितली गेली. त्यापैकी ५०,००० आज सकाळी १०.४५ ला यूपीआयने भरले आहेत, पावती सोबत आहे. हे पैसे वडिलांच्या उपचारात खंड पडू नये म्हणून, हरकत राखून भरले आहेत. त्यानंतर डेस्कवर एका छापील फॉर्मवर सही मागितली. त्यात ‘रुग्ण स्वेच्छेने कॅशलेस सुविधा सोडून प्रतिपूर्तीचा पर्याय स्वीकारत आहे’ असे वाक्य होते. आम्ही स्वेच्छेने काही सोडलेले नाही, म्हणून मी सही केली नाही आणि करणार नाही. ते वाक्य बदलून ‘कॅशलेस नामंजूर झाल्यामुळे रक्कम भरली’ असे लिहिल्यास लगेच सही करीन. तसेच पैसे आम्ही भरणार असलो तर दर कंपनीशी ठरलेला लावणार की खुला, हे शस्त्रक्रियेपूर्वी लिहून द्यावे.

कॅशलेस नाकारले म्हणजे दावाच नाकारला असे होत नाही, हे आम्ही जाणतो. प्रतिपूर्तीचा आमचा हक्क कायम आहे. पण वडिलांचे पेन्शन तुटपुंजे आहे, भावाची द्राक्षबाग यंदा पावसात गेली आणि उरलेली रक्कम पतसंस्थेतून काढावी लागेल. त्या कर्जाचे व्याज कोणत्याही प्रतिपूर्तीत परत मिळत नाही. सात वर्षे एकही हप्ता न चुकवता विमा चालू ठेवला, तो याच दिवसासाठी.

समाधानकारक लेखी उत्तर न आल्यास आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयाकडे जाईन. दोन्ही ठिकाणी हेच पत्र आणि त्यावरची पोच जोडली जाईल. हे पत्र दोन्ही कार्यालयांना ईमेलनेही पाठवले आहे. कृपया या प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ घालून पोच द्यावी.

मी वडिलांसोबत तिसऱ्या मजल्यावर, खोली ३०७ मध्ये आहे. फॉर्मवरचा माझा मोबाइल रात्रीही चालू असेल.

आपली नम्र,
रोहिणी दत्तात्रय सुर्वे
(रुग्णाची मुलगी)

माझ्या संमतीने : दत्तात्रय सुर्वे (पॉलिसीधारक व रुग्ण)

सोबत : २०१८ पासूनच्या सर्व नूतनीकरणांच्या पावत्या, फेब्रुवारी २०२१ चा रक्ततपासणी रिपोर्ट व पहिली चिठ्ठी, १६ जूनचा सोनोग्राफी रिपोर्ट, खर्चाचा अंदाज, ५०,००० रुपयांची पावती, डेस्कला सकाळी ९.०५ ला पाठवलेल्या कागदांचा स्क्रीनशॉट. माझ्या भावाचे सहीचे निवेदन.