व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलण्याआधी : तुमची संमती आणि तुमची खासगी माहिती

ही सूचना कर्वेनगरच्या आमच्या दवाखान्याकडून आहे. तुम्ही व्हिडिओवर तपासणीची वेळ मागितली, म्हणून ती तुमच्या व्हॉट्सअॅपवर आली. वाचायला पाच-सात मिनिटे लागतील. डोळ्यांमुळे किंवा आणखी कशामुळे वाचता येत नसेल, तर याच नंबरवर फोन करा, सिस्टर वाचून दाखवतील. शेवटी तुमचे "हो" हवे आहे, पण घाईत देऊ नका. "नाही" म्हणालात तरी दवाखान्यात येऊन दाखवण्याचा तुमचा नंबर नेहमीसारखाच लागेल.

आधी एक महत्त्वाचे

छातीत दुखणे, दम लागणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलताना जीभ जड होणे, शुद्ध हरपणे, थांबत नसलेला रक्तस्राव. यांपैकी काहीही होत असेल तर व्हिडिओची वाट पाहू नका. १०८ला फोन करा किंवा जवळचे रुग्णालय गाठा. आमची वेळ ठरलेली असली तरीसुद्धा.

व्हिडिओवर काय जमते, काय नाही

डॉक्टर मॅडम तुम्हाला पाहू शकतात, तुमचे ऐकू शकतात, रिपोर्ट वाचू शकतात. पोट दाबून पाहणे, छातीला स्टेथोस्कोप लावणे, गाठ हाताला कशी लागते ते तपासणे, हे पडद्यावरून होत नाही. म्हणून निदान चुकण्याची शक्यता समोर बसून केलेल्या तपासणीपेक्षा थोडी जास्त असते, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. बीपी किंवा साखर तुम्ही घरी मोजून जो आकडा सांगाल, त्यावर औषध ठरेल. म्हणून अंदाजाने सांगू नका. मशीन नसेल तर "नाही" म्हणा, त्यात कमीपणा नाही.

बोलता बोलता मॅडमना वाटले की प्रत्यक्ष पाहायलाच हवे, तर त्या तसे सांगतील आणि कॉल थांबवतील. सात दिवसांत दवाखान्यात आलात तर पुन्हा फी नाही. तुम्हालाही कॉल मधेच, कारण न देता थांबवता येतो. फी दवाखान्यातल्याइतकीच, ५०० रुपये, आणि तिची पावती मिळते. रेंज गेली तर मॅडम तुमच्या साध्या फोनवर कॉल करतील. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

देशात दूरवैद्यकीय सेवेची मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० पासून आहेत, आणि आम्ही त्यांनुसार चालतो. त्यामुळे काही औषधे व्हिडिओवर लिहून देता येत नाहीत. गुंगीची आणि सवय लागणारी औषधे त्यात येतात. "नेहमीचीच झोपेची गोळी आहे हो, लिहून द्या" असा आग्रह दर आठवड्याला होतो. मॅडम नाही म्हणाल्या तर त्यांचा राग मानू नका. औषधाच्या चिठ्ठीवर मॅडमचे नाव, महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक आणि सही असेल. चिठ्ठी थेट तुम्हालाच पाठवतो, कोणत्याही मेडिकलवाल्याला नाही. औषधे कुठून घ्यायची ते तुम्ही ठरवा.

कॉलवर कोण असेल

आमच्याकडे खोलीत फक्त मॅडम असतात. सिस्टर आत आल्या तर मॅडम तसे सांगतील. आम्ही कॉल रेकॉर्ड करत नाही. तुम्हाला करायचा असेल तर आधी सांगा.

तुमच्याकडे कोण असावे, हे तुम्ही ठरवायचे. सदाशिव पेठेतल्या आजी आणि अमेरिकेतला मुलगा, असे कॉल आमच्याकडे बरेच होतात. मुलगा काळजीपोटीच जोडला जातो. पण रुग्ण आजी आहेत, त्यामुळे मॅडम आधी आजींनाच विचारतात, "यांच्यासमोर बोलू ना?" आजी नाही म्हणाल्या तर मुलाला बाहेर थांबावे लागेल, वेळ त्याने घेतली असली आणि फीही त्यानेच भरली असली तरी.

घर लहान असते, भिंतीपलीकडे ऐकू जाते. मोकळेपणाने बोलता येत नसेल तर "रिपोर्ट नंतर पाठवते" किंवा "नंतर पाठवतो" एवढेच म्हणा. मग मॅडम हो-नाहीत उत्तर देता येईल असेच प्रश्न विचारतील, किंवा दुसरी वेळ देतील. इअरफोन लावलात तर निम्मा प्रश्न सुटतो.

रुग्ण सोळा वर्षांखालील असेल तर घरातले मोठे माणूस शेजारी हवेच, आणि ते कोण आहे हे आम्ही विचारू.

आम्ही काय लिहून ठेवतो

नाव, वय, फोन नंबर, तक्रार, आधीचे आजार, चालू औषधे, तुम्ही पाठवलेले रिपोर्ट आणि फोटो, मॅडमचा सल्ला. कॉलच्या वेळी तुम्ही नेमके कुठे आहात तेही विचारतो, कारण मधेच तब्येत बिघडली तर १०८ला पत्ता द्यावा लागतो. "पौडजवळ" एवढ्यावर गाडी पोहोचत नाही.

आधार क्रमांक आम्ही मागत नाही. डिजिटल आरोग्य नोंदींसाठीचा आभा क्रमांक दिलाच पाहिजे असेही नाही. ओटीपी तर आम्ही कधीच मागत नाही. दवाखान्याचे नाव सांगून कोणी मागितला तर फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३०ला कळवा.

तुमची पूर्ण नोंद मॅडम आणि सिस्टर पाहतात. काउंटरवरच्या मुलाला नाव, वेळ आणि फी एवढेच दिसते. व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो नोंदीत घेतल्यावर सात दिवसांत दवाखान्याच्या फोनमधून काढतो. तुमच्या फोनमध्ये ते राहतातच, तिकडे तुमचे लक्ष असू द्या. नोंदी शेवटच्या तपासणीपासून तीन वर्षे ठेवतो. उपचार चालू नसतील तर नंतर पुसून टाकतो.

नातेवाईक, ऑफिस, विमा कंपनी, यांपैकी कोणालाही तुमच्या लेखी परवानगीशिवाय काहीही देत नाही. अपवाद कायद्याचा : न्यायालयाचा आदेश असेल तर, किंवा क्षयरोगासारख्या आजाराची नोंद सरकारला द्यावीच लागते तेव्हा. अशी नोंद करताना तुम्हाला सांगूच.

मन बदलले तर

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याची तरतूद आहे, आणि देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे असे त्यात म्हटले आहे. आमच्याकडे त्यासाठी याच नंबरवर "संमती मागे" असे लिहिले की पुरे. त्यापुढे व्हिडिओ तपासणी होणार नाही. आधी झालेल्या तपासणीची नोंद मात्र वर सांगितलेल्या मुदतीपर्यंत राहील. तुमच्या नोंदीची प्रत मागा, ७२ तासांत देतो. नाव-वय चुकले असेल तर दुरुस्त करून घ्या. तक्रार असेल तर आधी मॅडमशी बोला. तेवढ्याने समाधान झाले नाही तर उपचारांबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे जाता येते, आणि माहितीच्या वापराबद्दल तक्रारीसाठी याच कायद्यात डेटा संरक्षण मंडळाची सोय आहे.

संमती

सगळे समजले असेल आणि पटले असेल, तर खालचा मजकूर याच नंबरवर पाठवा, किंवा स्वतःच्या आवाजात बोलून पाठवा. लिहिणे-बोलणे दोन्ही अवघड असेल तर कॉल सुरू झाल्यावर मॅडमना तोंडी सांगा, त्या नोंद करतील. काही शंका असेल तर आधी ती विचारा, संमती नंतर.

"मी सूचना वाचली किंवा मला वाचून दाखवली. व्हिडिओवरच्या तपासणीच्या मर्यादा मला कळल्या. माझी माहिती माझ्या उपचारांसाठी वर सांगितल्याप्रमाणे ठेवायला माझी हरकत नाही. मला व्हिडिओवर तपासणी मान्य आहे."

व्हिडिओ तपासणी मंगळवार, बुधवार आणि शनिवारी दुपारी दोन ते चार. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, म्हणून तो वार ठेवलेला नाही.