पाठ चौथा : लेखनकामाठी

बसण्याआधी हात धुऊन कोरडे करून या. टेबलावर लाल रुमालात बांधलेली पोथी आहे. आपल्याच वर्गातल्या गेवराईकडच्या एका ताईंनी ती माहेरच्या देवघरातून आणली आहे. त्यात ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय आहे. पानं सुटी आहेत, वर-खाली लाकडी फळ्या आहेत. एकेक पान दोन्ही हातांनी उचलायचं आणि पालथं ठेवायचं.

पहिलं पान नको, आधी शेवटचं उघडू. तिथं हा श्लोक आहे :

यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया ।
यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते ॥

समोर जसं पुस्तक दिसलं तसं मी लिहिलं; शुद्ध असो की अशुद्ध, मला दोष देऊ नका. हा श्लोक हजारो पोथ्यांच्या शेवटी आढळतो, म्हणून तो नुसता रिवाज वाटतो. पण आपल्या आजच्या पाठाचा सगळा विषय या दोन ओळींत आहे. लिहिणाऱ्यापुढे मूळ ग्रंथ नव्हता, दुसऱ्या कुणाची तरी प्रत होती. त्या दुसऱ्यापुढे तिसऱ्याची.

आता आतल्या पानांकडे बघा. शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही. शिरोरेघ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग गेली आहे, कुठे तोडायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. मध्येच पिवळा ठिपका दिसतो, तो हरताळ. चुकलेलं अक्षर खोडत नसत, त्यावर हरताळ लावून वर नवं लिहीत. ‘सगळ्या मेहनतीवर हरताळ फासला’ असं आपण आजही म्हणतो ते इथूनच आलं.

चुका कशा होतात ते स्वतःच करून पाहू. दोघादोघांच्या जोड्या करा. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं बोरूनं शब्द न तोडता लिहायचं, मग कागद पुढच्या जोडीला द्यायचा. मागच्या तुकडीत मी ‘पत्र रवाना केले’ हे वाक्य दिलं होतं. चौथ्या जोडीपर्यंत ‘पत्र खाना केले’ झालं. र आणि व जवळ आले की ख होतो, तेवढंच कारण. जुन्या हातात घ आणि ध, थ आणि य, भ आणि म असेच फसवतात. दोन ओळींचा शेवट सारख्या शब्दानं असेल तर डोळा एक ओळ गाळून पुढे जातो. समासात कुणी अर्थ म्हणून टिपलेलं पुढचा लेखक मूळ समजून आत घेतो.

आणखी एक प्रकार आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुना शब्द लेखकाला कळत नाही, किंवा कळतो पण आता तसं कुणी बोलत नाही, म्हणून तो नकळत आपल्या काळचा शब्द लिहितो. ‘लेखकु’चा ‘लेखक’ होतो. यात लबाडी नाही. ग्रंथ वाचला जात होता, ऐकला जात होता, म्हणून तो बदलला.

आता पैठणला जाऊ. ज्ञानेश्वरी शके 1212 म्हणजे इसवी सन 1290 ची. नेवाशाला ज्ञानदेव सांगत गेले आणि सच्चिदानंदबाबा लिहीत गेले, हे ग्रंथाच्या शेवटच्या ओवीतच आहे : ‘सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला’. तिथून एकनाथ महाराजांपर्यंत 294 वर्षं जातात. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, नाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि तसं लिहून ठेवलं :

ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध ।
तो शोधूनियां एवंविध । प्रतिशुद्ध सिद्ध ज्ञानेश्वरी ॥

ही ओवी सावकाश वाचा. ग्रंथ मुळात शुद्धच होता, बिघाड पाठांतरात, म्हणजे प्रतीवरून प्रत होताना पडलेल्या पाठभेदांत झाला. नाथ ज्ञानदेवांना सुधारत नाहीत, मधल्या हातांना तपासतात. संपादकाची मर्यादा इतकी नेमकी सांगितलेली मी दुसरीकडे वाचली नाही. पुढे ते बजावतातही की ज्ञानेश्वरीत जो आपली मराठी ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजा. ज्या अर्थी असं बजावावं लागलं, त्या अर्थी लोक ओव्या घालत होते.

काम पूर्ण झालं ते भाद्रपदात, कपिलाषष्ठीला, गोदाकाठी. त्या कामाला नाथांनी शब्द वापरला आहे ‘लेखनकामाठी’. कामाठी म्हणजे अंगमेहनतीचं काम. एवढ्या मोठ्या कवीनं आपल्या संपादनाला कामाठी म्हटलं, म्हणून या पाठाला मी तेच नाव दिलं.

महानुभावांच्या लीळाचरित्राची गोष्ट वेगळी आहे. तिथं शुद्ध करायला आधीची पोथीच नव्हती. चक्रधरस्वामी पैठणला राहिले, वेरूळला राहिले, बोलले. लिहिलं काहीच नाही. ते निघून गेल्यावर ऋद्धपुरात म्हाइंभटांनी ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना गाठून आठवणी जमवल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेतल्या. परंपरा सांगते की ती मूळ प्रत पुढे धाडीत गेली आणि ज्यांना पाठ होतं, विशेषतः नागदेवाचार्यांच्या शिष्या हिराइसा, त्यांच्या मुखातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. एकच लीळा दोघांना वेगळी आठवली तर एक पुसून टाकली नाही. ‘वासना’, ‘शोधु’ असे शब्द घालून दुसऱ्याचा पाठही शेजारी नोंदवला. नाथांनी एक पाठ ठरवला, इथं मतभेदासकट ग्रंथ सांभाळला.

तिसरी तऱ्हा नांदेडची, थोडक्यात सांगतो. नरसीच्या नामदेवांची 61 पदं शिखांच्या ग्रंथात आहेत. गुरू अर्जनदेवांनी 1604 मध्ये तो सिद्ध केला, लेखक भाई गुरदास. शबदांना तिथं आकडे घातलेले आहेत, त्यामुळे मध्ये एखादं घुसवलं तर मोजणी चुकते. 1708 साली नांदेडला गुरू गोविंदसिंहांनी त्या ग्रंथालाच गुरुपद दिलं. ज्या ग्रंथाला गुरू मानायचं त्यात अक्षर हलवायची सोयच उरत नाही.

आता आपल्या बीडकडे. छपाईत ज्ञानेश्वरी प्रथम 1845 मध्ये आली, बाळशास्त्री जांभेकरांनी शिळाप्रेसवर काढली. घराघरात पुढे जी पोहोचली ती बहुतांशी नाथांच्या पाठाची. मग 1909 मध्ये वि. का. राजवाड्यांनी वेगळीच प्रत छापली. ती त्यांना इथंच, पाटांगणात मिळाली होती आणि तिची भाषा नाथांच्या आधीची आहे असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर विद्वानांत पुष्कळ वाद झाले. ते बाजूला ठेवू, पण एवढं लक्षात घ्या की आपण ज्या गावात बसलो आहोत तिथल्या एका दप्तरानं सहाशे वर्षांहून जुन्या ग्रंथाविषयी नवा प्रश्न उभा केला.

पुढच्या रविवारी येताना घरी किंवा शेजारी असलेल्या पोथीचं फक्त शेवटचं पान वहीत जसंच्या तसं उतरवून आणा. लिहिणाऱ्याचं नाव, गाव, शक, तिथी असेल तर तीही. चूक दिसली तरी दुरुस्त करू नका, खाली रेघ ओढा. पोथी उन्हात नेऊ नका, पानांना तेलाचा हात लावू नका. फोटो काढलात तरी चालेल, पण हातानं उतरवलेलं पान मला हवंच आहे.