रात्रपाळी अहवाल: जलशुद्धीकरण केंद्र, १४ जुलै रात्री १० ते १५ जुलै सकाळी ६

प्रति: शाखा अभियंता, पाणीपुरवठा
प्रत: पहिली पाळी (शेलार), भांडार

मॅडम,

आधी तातडीच्या तीन गोष्टी. फिल्टर क्र. ३ बंद ठेवला आहे, तुम्ही स्वतः पाहिल्याशिवाय तो लाइनवर घेऊ नये. तुरटीचा डोस सध्या ४५ पीपीएम आहे, पाऊस थांबलेला दिसला म्हणून तो लगेच उतरवू नये. उंच टाकी सकाळी ६ ला ३.१ मीटरवर आहे, एरवी या वेळेला ४.६ असते. त्यामुळे आज वरच्या आळीला पाणी कमी दाबाने जाईल. झोन उघडण्याआधी व्हॉल्व्हमनला कल्पना द्यावी.

नदीचं पाणी

रात्री १० ला कच्च्या पाण्याचा गढूळपणा ४५ एनटीयू होता. १२:१५ ला १२०, १ ला २१०, २ ला ३१०, ४ ला ३४० (रात्रीतला सर्वाधिक) आणि ६ ला २८०. केंद्रावर फक्त भुरभुर होती, म्हणजे हा गाळ वरच्या खोऱ्यातल्या पावसाचा आहे. १२:३० ला डोस २० वरून ३५ पीपीएम केला आणि जार टेस्ट लावली. एक मिनिट जोरात, २० मिनिटं सावकाश ढवळून अर्धा तास निवळू दिलं. ३५ च्या जारमध्ये ९ एनटीयू, ४० मध्ये ६, ४५ मध्ये ४ आणि ५० मध्येही ४ आलं. म्हणून २ वाजता ४५ वर गेलो. त्याच्या वर तुरटी नुसती वाया जाते आणि पीएच उतरतो. पीएच ७.८ वरून ७.३ झाला आहे, चुन्याची गरज नाही. ७ च्या खाली जायला लागला तर विचार करावा.

निवळणी टाकीतून बाहेर पडणारं पाणी १० ला ६ एनटीयू, ३ ला १४ आणि ५:३० ला ८ होतं. ३ वाजताचा आकडा पाहून घाबरून डोस आणखी वाढवला नाही. टाकीत पाणी अडीच तास मुरतं, २ वाजता केलेल्या बदलाचा परिणाम ४:३० च्या आधी दिसणारच नव्हता. उतरवतानाही हाच हिशोब धरावा: कच्चं पाणी २०० च्या खाली सलग दोन तास राहिलं, तर नवी जार टेस्ट लावूनच डोस कमी करायचा. गाळ सोडणं दर दोन तासांनी ३ मिनिटं असायचं, ते २ वाजल्यापासून दर तासाला ५ मिनिटं केलं आहे. शेवटचं ५:४५ ला सोडलं. व्हॉल्व्ह बंद करण्याआधी खालच्या चेंबरमधला रंग बघायचा. चॉकलेटी जाऊन पाणचट झालं की पुरे, पुढे जातं ते कमावलेलं पाणी.

डोसिंगमध्ये १:२० ला एक अडचण आली. ३५ पीपीएमला मिनिटाला २.९ लिटर द्रावण पडायला हवं, मापाच्या भांड्यात २.१ च भरलं. तुरटीतली न विरघळणारी माती कॉन्स्टंट हेड बॉक्सच्या तोटीत बसली होती. तोटी काढून धुतली, १० मिनिटांत प्रवाह पूर्ववत. आता ३.७५ लिटर चालू आहे. दर तासाला भांडं लावून मोजावं, बॉक्सची पातळी बरोबर दिसत असली तरी तोटी अर्धी बुजलेली असू शकते.

रात्रीची तुरटी १२३ किलो. अ टाकी ४:३० ला संपली, तेव्हापासून ब टाकी (२०० किलो, १० टक्के द्रावण) चालू आहे. ६ ला तिच्यात अंदाजे १६५० लिटर आहे, ती दुपारी १ च्या सुमारास संपेल. तुरटी विरघळायला अडीच-तीन तास लागतात, म्हणून अ टाकीचा गाळ काढून ती ९:३० पर्यंत भिजत घालावी. भांडारात ६१ गोण्या, म्हणजे ३,०५० किलो शिल्लक. या डोसला दिवसाला ५४० किलो जातात, साठा साडेपाच दिवसांचा आहे. मागणीपत्र आजच गेलेलं बरं.

फिल्टर

क्र. १ (११:२० ला) आणि क्र. २ (१:१० ला) धुतले, हेडलॉस १.८ झाला होता, आता दोन्ही ठीक आहेत. गाळलेलं पाणी ०.४ एनटीयू.

क्र. ३ चं प्रकरण वेगळं आहे. ३ वाजता त्याचं पाणी १.३ एनटीयू आलं आणि हेडलॉस मात्र जेमतेम ०.९ मीटर. वाळू चोंदली असती तर हेडलॉस चढला असता. पाणी खराब आणि हेडलॉस कमी, याचा अर्थ पाण्याला वाळूतून सरळ खाली उतरायला वाट मिळाली आहे. ४:२० ला बॅकवॉश घेतला. हवा सोडल्यावर बाकीच्या भागात बुडबुडे सारखे होते, पण नैऋत्य कोपऱ्यात गटारीच्या कडेला दीड फुटाच्या गोलात पातेल्यातल्या भातासारखी उकळी फुटत होती. पाणी उतरवून टॉर्चने पाहिलं, तिथे वाळू सुमारे १५ सेंटीमीटर खचली आहे. आउटलेट चेंबरच्या तळाला वाळूचे कण सापडले, कागदावर घेऊन प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवले आहेत. तळाचा नोझल तुटला आहे किंवा निघाला आहे, अशी जवळजवळ खात्री आहे. नुसती वरून वाळू भरून उपयोग नाही, ती आठवड्यात पुन्हा खाली जाईल. त्या कोपऱ्यातली वाळू आणि गिट्टी थराथराने वेगळी काढून नोझल तपासावे लागतील. शेजारचे चार-पाचही हाताने हलवून पाहावेत. भांडारात सुटे नोझल आहेत का, याची खात्री पहिल्या पाळीने करावी.

४:४५ पासून क्र. ३ चे इनलेट आणि आउटलेट बंद आहेत. चाकाला साखळी-कुलूप आणि लाल पाटी लावली आहे, किल्ली पॅनल रूमच्या ड्रॉवरमध्ये आहे.

तीन फिल्टरवर आता प्रत्येकी सुमारे १६७ घनमीटर ताशी भार येतो (एरवी १२५). एवढं चालतं, पण ते लवकर भरतील. क्र. ४ चा हेडलॉस ६ ला १.५ आहे, तो ९ च्या आसपास धुवावा लागेल. धुताना कच्च्या पाण्याचा एक पंप बंद करायलाच हवा. तसं केलं नाही तर उरलेल्या दोन फिल्टरवर प्रत्येकी २५० पडेल आणि गाळ वाळूतून पार होऊन संपमध्ये उतरेल. धुलाईची टाकी भरलेली आहे.

क्लोरीन

टनर ११:५० ला बदलला. नवीन टनरचे दोन्ही व्हॉल्व्ह उभ्या रेषेत घेऊन वरच्याला जोडणी केली, खालच्यातून द्रव येतो. अमोनियाचा बोळा फिरवताना योकजवळ पांढरा धूर दिसला. व्हॉल्व्ह बंद करून शिशाचा वॉशर नवा टाकला, पुन्हा तपासलं, गळती नाही. रिकाम्या टनरला टोपी लावून तो बाजूला ठेवला आहे. वॉशर आता ३ च उरले. ते एकदा दाबले गेले की संपले, जुना उलटा करून बसवायचा प्रकार कोणी करू नये.

संपमधलं उरलेलं क्लोरीन १० ला ०.८ पीपीएम होतं, २:४५ ला ०.४ झालं. ३ ला रोटामीटर ताशी १.० वरून १.४ किलो केला, ५:३० ला ०.७ मिळालं. रात्रीचा वापर ८ किलो. शेवटच्या टोकाला ०.२ तरी हवं, म्हणून ८ वाजता गावठाणातल्या टोकाच्या नळावर तपासणी घ्यावी.

वीज आणि पंप

३:१२ ते ३:४७ पुरवठा खंडित होता, दोन्ही कच्चे पंप ४ ला पूर्ववत झाले. रात्रीत एकूण ३६ लाख लिटर पाणी उचललं. उंच टाकी खाली राहण्याचं मुख्य कारण हेच.

वीज गेल्यावर दोन दोष दिसले. पहिला, जनरेटर आपोआप सुरू झाला नाही. बॅटरी १०.९ व्होल्ट दाखवत होती, ट्रकची बॅटरी जोडून ३:३० ला चालू केला. चार्जरचा फ्यूज उडालेला होता, बदलला, पण आता चालू चार्जरवरही बॅटरी १२ च्या वर चढत नाही. ती बदलावीच लागेल. क्लोरीनचा बूस्टर पंप बंद झाला की व्हॅक्यूम जातो आणि गॅस आपोआप थांबतो, त्यामुळे सुरक्षेचा प्रश्न आला नाही. पण संपूर्ण केंद्र अंधारात होतं.

दुसरा दोष जास्त महत्त्वाचा. शुद्ध पाण्याच्या पंप क्र. १ चा एनआरव्ही बसला नाही. पाणी उलटं आलं आणि पंप मागे फिरत राहिला, बटरफ्लाय व्हॉल्व्ह हाताने बंद केल्यावर थांबला. उलट्या फिरणाऱ्या पंपाला स्टार्टर दिला तर शाफ्ट पिळवटतो, निदान मोटर ट्रिप होते. दुरुस्ती होईपर्यंत क्र. १ वापरू नये, क्र. २ आणि ३ वर चालवावं. वापरायची वेळ आलीच तर वीज गेल्याबरोबर एक माणूस त्या व्हॉल्व्हपाशी हवा. एनआरव्हीच्या झडपेत काही अडकलं आहे की बिजागरी झिजली, हे झाकण उघडल्यावरच कळेल.

जॅकवेलचा कच्चा पंप क्र. २ पाच वाजल्यापासून ५६ ऐवजी ५० अँपियर घेतो आहे, काटा हलतो आहे आणि फ्लो ५०० वरून ४७० वर आला आहे. करंट उतरला म्हणजे पंपाला पाणी कमी मिळतंय. जॅकवेलमधली पातळी नदीपेक्षा दोन फूट खाली आहे, तेव्हा जाळीला जलपर्णी आणि पाचोळा लागला असणार. अंधारात आणि वाढत्या पाण्यात कोणाला खाली उतरवलं नाही. उजाडल्यावर लाइफ जॅकेट, दोर आणि वर दोन माणसं असतील तरच सफाई करावी. पातळी अजून उतरून पंप हवा ओढू लागला, तर क्र. २ बंद करून एकाच पंपावर राहावं.

पुढच्या पाळीकडे दिलेलं, वेळेच्या क्रमाने: व्हॉल्व्हमनला कळवणं, जाळी सफाई, ८ ला टोकाचं क्लोरीन, ९ ला क्र. ४ ची धुलाई, ९:३० पर्यंत अ टाकी. याशिवाय जीवाणू तपासणीच्या दोन बाटल्या ५ वाजता भरून बर्फाच्या पेटीत ठेवल्या आहेत, त्या जिल्हा प्रयोगशाळेत आजच पोचायला हव्यात. कपाटाच्या मागच्या भिंतीला ओल आली आहे, नोंदवह्या वरच्या फळीवर हलवल्या.

भांडारासाठी: तुरटी, शिशाचे वॉशर, जनरेटरची १२ व्होल्ट बॅटरी, फिल्टर नोझल.

चार्ज ६:०५ ला शेलारांना समक्ष दिला. फिल्टर ३ चा कोपरा आणि पंप १ चा व्हॉल्व्ह त्यांना जागेवर नेऊन दाखवला आहे.

भोसले, ऑपरेटर, रात्रपाळी