दहावीच्या निरोप समारंभाचा व्हिडिओ, स्क्रिप्ट फायनल (आता बदल नाही)

शूटिंग करणाऱ्या भावासाठी: मोबाईल आडवा धर, मागच्या वेळेसारखा उभा नको, हॉलच्या पडद्यावर दोन्ही बाजूला काळे पट्टे येतात. बाईंनी आठ-नऊ मिनिटं सांगितलीयत. मी मध्येच अडखळलो तर कट करू नको, चालू ठेव.

(शाळेची गच्ची. मागे करी रोडच्या बाजूचे टॉवर. मी कठड्याला टेकून, कामाच्या युनिफॉर्ममध्येच.)

नमस्कार दहावी अ, दहावी ब. आणि पुढच्या रांगेत खुर्च्यांवर बसलेले सगळे सर आणि बाई, तुम्हालाही नमस्कार, मी आज तुमच्या नजरेसमोर नाही म्हणून जरा बिनधास्त बोलणारय.

मी तुमच्याच शाळेचा, 2010 ची बॅच. हॉलमध्ये डाव्या बाजूचा तिसरा पंखा अजून टक टक आवाज करतो का? करत असेल तर तो मी दहावीत असल्यापासून करतोय. आज तुम्हाला पाहुणा म्हणून कोणीतरी कलेक्टर नाहीतर डॉक्टर मिळायला हवा होता, मिळालाय लिफ्टवाला. मी लिफ्ट दुरुस्त करतो. माझ्याकडे परळ, लालबाग, लोअर परळ मिळून बऱ्याच बिल्डिंगा आहेत, आणि आज तुमच्यासमोर उभा नाही कारण रविवार सोडून माझा फोन कधी वाजेल सांगता येत नाही.

(कॅमेरा हळू टॉवरकडे. घाई नको.)

तो मागे दिसतोय ना उंच, काचेचा, तिकडे सगळ्या गिरण्या होत्या. माझे आजोबा तिथल्याच एका गिरणीत साचे खात्यात होते. 1982 च्या जानेवारीत संप झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, आजोबा परत आत गेलेच नाहीत. ते सांगायचे की भोंगा वाजायचा बंद झाला तेव्हा चाळीत पहिले काही दिवस लोकांना कळतच नव्हतं की चहा किती वाजता टाकायचा. आता त्याच जमिनीवर चाळीसच्या वर मजले उभे आहेत आणि त्यांच्या लिफ्टचा ब्रेक मी तपासतो. आम्ही स्वतः चाळीत राहायचो, दुसरा मजला, लाकडी जिना, लिफ्ट बघायची तर कुठल्यातरी हॉस्पिटलात कोणी ॲडमिट झालं की मगच.

(इथून थेट कॅमेऱ्यात.)

आता मुद्द्याचं. मी दहावीला गणितात नापास झालो होतो. बाकी सगळे विषय सुटले, गणितात 31. पासिंगला 35. चार मार्क.

रिझल्ट सायबर कॅफेत बघितला, तेव्हा घरी नेट नव्हतं. कॅफेवाल्याने प्रिंटआऊट काढून दिली, तीन रुपये घेतले आणि माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही, त्याला कळलं असणार. मी प्रिंट घडी करून बुटात ठेवली, खरंच बुटात, आणि घरी येऊन सांगितलं की पास झालो, मार्कशीट नंतर मिळणारय. आईने पेढे आणले. अर्धा किलो. पूर्ण गॅलरीत वाटले, बारा खोल्या. शेजारच्या काकूंनी मला ओवाळलं पण.

दोन दिवस मी ते पेढे खाल्लेले लोक बघत फिरत होतो. चौपाटीवर जाऊन बसलो, दादरला जाऊन आलो, उगाच सीएसएमटीपर्यंत लोकलने गेलो आणि परत. डोक्यात काय काय यायचं ते इथे सगळं सांगत नाही, पुढे बाई बसल्यात. पण चांगलं काही येत नव्हतं एवढं समजून घ्या.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या गेटवर आलो, का आलो माहीत नाही, पाय आले. आपले शिपाई मामा होते, आता रिटायर झाले. ते घंटेखाली स्टुलावर बसून भाकरी खात होते. म्हणाले, काय रे, पेढे कुठायत. आणि मी तिथेच रडायला लागलो. मामांनी काही विचारलं नाही, हात धुतला, मला धरून गणिताच्या सरांसमोर नेऊन उभं केलं आणि एवढंच म्हणाले, सर याचं बघा. त्याच संध्याकाळी सर आमच्या खोलीवर आले, पप्पांशी बोलले. पप्पांनी मारलं नाही. मला वाटलं होतं मारतील. ते फक्त म्हणाले, पेढ्याचे पैसे तुझ्या पहिल्या पगारातून. दिले मी नंतर, घेतले त्यांनी.

(कट. लिफ्टची मशीन रूम. फूटेज मी गेल्या आठवड्यात घेतलंय, तेच वापर.)

आता जरा माझ्या धंद्यातलं सांगतो, कंटाळू नका, दोन मिनिटं.

लिफ्ट मध्येच बंद पडली की आतल्या माणसाला वाटतं दोर तुटणार आणि आपण खाली जाणार. तसं होत नाही. दोर एकच नसतो, चार-पाच असतात, आणि लिफ्ट ठरलेल्या स्पीडच्या वर खाली जायला लागली तर गव्हर्नर नावाची एक चकती असते ती अडकते आणि लिफ्टखालचे जबडे रूळ पकडतात, जागच्या जागी. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये तुम्ही तसे सेफ असता. लोकांना लागतं कधी माहितीये? घाबरून दार हाताने ओढून, दोन मजल्यांच्या मधून उडी मारायला जातात तेव्हा. खाली मोकळा खड्डा असतो. म्हणून आम्ही प्रत्येक सोसायटीत घसा फोडून सांगतो, दाराला हात लावू नका, अलार्मचं बटण दाबा, आणि बसा. खाली बसा सरळ, लाज कसली.

आणि एक मजा. लिफ्टच्या दुसऱ्या टोकाला काउंटरवेट असतो, लोखंडाचं वजन, ते लिफ्टच्या वजनात अर्धा लोड मिळवून ठेवलेलं असतं. प्लेटवर लिहिलेलं वाचलंय कधी, 8 माणसं 544 किलो? माणशी 68 धरतात. (तुमच्या वर्गातले दोघं मिळून होतील 68, दप्तर वेगळं.) तर आत एकटाच माणूस अडकलाय आणि आम्ही वर मशीन रूममध्ये मेन स्विच बंद करून हाताने ब्रेक थोडा थोडा सोडला, तर लिफ्ट खाली जात नाही. वर येते. काउंटरवेट जड पडतो ना. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी उस्तादांना विचारलं, हे उलटं कसं काय, तर म्हणाले, तू शाळेत नव्हतास का. होतो ओ, पण गणितात 31.

(परत गच्ची.)

तर निकालाच्या दिवशी, किंवा अकरावीत पहिल्या टेस्टला, किंवा कधीही, असं मध्येच बंद पडल्यासारखं झालं, तर दाराला हात लावायचा नाही. बटण दाबायचं. बटण म्हणजे माणूस. घरचे नसतील सुचत तर बाई, सर, चाळीतली ताई, क्लासचे सर, कोणीही, माझ्या वेळी तर भाकरी खाणारे मामा होते. आणि अगदीच कोणाला तोंड दाखवायचं नसेल तर 14416 वर फोन करा, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री तीनला पण लागतो, मराठीत बोलतात. आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करा. मोबाईल शाळेत आणायला बंदी आहे माहितीये मला, ज्यांनी आणलाय त्यांनीच करा.

आता थोडं कामाचं, पटापट.

एखादा विषय राहिला तर आता जून-जुलैमध्येच पुरवणी परीक्षा असते, आमच्या वेळी ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागायचं, मी थांबलो, सर रोज संध्याकाळी सहा ते सात फुकट शिकवायचे, 52 मिळाले. पुढच्या वर्षी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड घेतला, दोन वर्षं. डिप्लोमाचा रस्ता पण दहावीनंतरच असतो, तीन वर्षं, आणि नंतर इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं, माझ्याच वर्गातला एक तसा गेला. हे तुम्हाला सायन्स-कॉमर्सच्या गोंधळात कोणी सांगत नाही, म्हणून सांगतोय.

अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरताना पहिल्या नंबरला मित्राचं कॉलेज टाकू नका. पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं की तिथेच घ्यावं लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नेहमीच्या राउंडमधून बाहेर. आणि सकाळी सातचं लेक्चर असेल तर कितीची गाडी पकडायची ते आधी बघा, ॲपवर नाही, एकदा जाऊन बघा.

आणि दाखला. हे सगळ्यात महत्त्वाचं, झोपलेल्यांना उठवा. शाळा सोडल्याचा दाखला हातात आला की तिथेच काउंटरला उभं राहून नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, अक्षर न् अक्षर वाचा. माझ्या दाखल्यात आडनावात एक काना जास्तीचा पडलाय. एक काना! शाळा सोडल्यावर बदलून घ्यायचं म्हणजे अर्ज, पुरावे, चकरा. मी कंटाळलो, शेवटी आयटीआयच्या फॉर्मवर पण त्याच कान्यासकट नाव टाकलं, आता पासपोर्टवर मी आणि माझे वडील वेगळ्या आडनावाचे आहोत. हसू नका.

(थोडं थांबायचं. घंटेचा क्लोजअप, आपण खाली जाऊन घेतलेला.)

परीक्षेसाठी मी वेगळं काय सांगणार, तुमच्या बाईंनी सांगितलंच असेल, हॉल तिकीट प्लास्टिकमध्ये, दोन पेनं, अर्धा तास आधी. 31 वाल्याकडून गणिताच्या टिप्स घेऊ नका. फक्त एक, पेपर झाल्यावर गेटबाहेर उभं राहून उत्तरं जुळवत बसू नका, मी जुळवली होती, आणि पुढचा पेपर त्यातच गेला.

गणिताचे सर, तुम्ही हॉलमध्ये असाल तर, बाई म्हणाल्या यावर्षी तुम्ही पण रिटायर होताय. माझ्याकडे अजून तुमची ती वही आहे, निळ्या कव्हरची, दोन चलांतील रेषीय समीकरणं, तुमच्या अक्षरात. परत द्यायची राहिली. पुढच्या रविवारी घेऊन येतो, असाल ना घरी?

(फोन वाजतो. हा खरा वाजलेला आहे, ठेव.)

हां... कितव्या? चौदा आणि पंधराच्या मध्ये? किती जण आत... आजी एकट्याच? त्यांना सांगा खाली बसा, दाराला हात नका लावू, मी दहा मिनिटात येतो.

चला. माझा नंबर बाईंकडे आहे, कोणालाही द्या बाई. आणि पोरांनो, वडापाव खाली आलेत, ब वर्गाला आधी सोडा, आमच्या वेळी त्यांच्यापर्यंत चटणी पोचलीच नव्हती.