प्रौढ अभ्यासवर्ग, पाठ ४ : पूर्व आणि पश्चिम यांची ताटातूट

रविवारच्या उपासनेनंतर ४५ मिनिटे. योहान १५:२६ आणि गलती ४:६ वाचून सुरुवात करू. पहिल्या वचनात सत्याचा आत्मा पित्यापासून निघतो, दुसऱ्यात त्याला देवाच्या पुत्राचा आत्मा म्हटले आहे. पूर्वेची ग्रीक ऑर्थोडॉक्स मंडळी आणि पश्चिमेची रोमची मंडळी यांच्या ज्या वादाबद्दल आज शिकायचे आहे, त्यात ही दोन्ही वचने कामी येतील.

३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल धर्मपरिषदेच्या मतांगीकारात पवित्र आत्मा ‘पित्यापासून’ निघतो, एवढेच होते. स्पेनमध्ये ख्रिस्ताचे देवपण नाकारणाऱ्या एरियन मताशी झुंज चालू होती. पुत्र पित्याच्या बरोबरीचा आहे हे ठसवायला तिथे ‘आणि पुत्रापासून’ हे शब्द रुळले. रोमने मात्र बराच काळ ते मतांगीकारात घेतले नाहीत. पोप तिसरे लिओ यांनी तर जुना पाठ चांदीच्या पत्र्यांवर कोरून लावला. रोममधल्या उपासनेत हे शब्द आले १०१४ च्या सुमारास.

पूर्वेचा आक्षेप दुहेरी होता: देवत्वाचा उगम एकट्या पित्यात आहे, आणि सर्वांनी मिळून ठरवलेला मतांगीकार एका बाजूने बदलता येत नाही. पश्चिमेचे म्हणणे असे की, हे शब्द श्रद्धा बदलत नाहीत, उलगडून सांगतात. आणि पेत्राच्या आसनाला, म्हणजे पोपला, तो अधिकार आहे. प्रभुभोजनाची भाकर खमिराची की बेखमीर, हाही तंटा होता. आज किरकोळ वाटेल, तेव्हा सामान्य माणसाच्या डोळ्यांना तोच दिसत होता.

१६ जुलै १०५४ रोजी कार्डिनल हंबर्ट यांनी कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया या मुख्य चर्चच्या वेदीवर बहिष्काराचा लेख ठेवला. त्यांना पाठवणारे पोप नववे लिओ एप्रिलमध्येच वारले होते. लेखात तिथले धर्मप्रमुख पाट्रिआर्क मायकेल केरुलारियस आणि त्यांचे साथीदार यांची नावे होती, सबंध पूर्वेचे नाव नव्हते. ग्रीकांनी मतांगीकारातून ‘पुत्रापासून’ गाळले, हा त्यातला आरोपही उलटा होता. पाट्रिआर्कांनीही बहिष्कार घातला, तो लेख लिहिणाऱ्यांवर. म्हणजे त्या दिवशी दोन मंडळ्या तुटल्या, असे शिकवू नका.

माणसांच्या मनात फूट बसली ती रक्तपाताने. ११८२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये लॅटिन, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या, रहिवाशांची कत्तल झाली. १२०४ मध्ये चौथ्या क्रूसेडच्या सैन्याने तेच शहर लुटले. दोन्ही वर्षे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. एकच लिहिले तर धडा एका बाजूचा होतो.

वर्गात हमखास येणारा प्रश्न: केरळची मलंकारा ऑर्थोडॉक्स मंडळी यातलीच का? नाही. तिचे नाते ४५१ च्या खाल्सेदोन परिषदेनंतर वेगळ्या झालेल्या मंडळ्यांशी आहे, आणि तिथला वाद ख्रिस्ताच्या स्वभावाबद्दलचा होता. ‘ऑर्थोडॉक्स’ या नावामुळे घोटाळा होतो.

७ डिसेंबर १९६५ रोजी पोप सहावे पॉल आणि पाट्रिआर्क अथेनागोरस यांनी १०५४ चे बहिष्कार स्मृतीतून पुसले. सहभागिता अजून जुळलेली नाही.

शेवटची दहा मिनिटे चर्चेला: मतांगीकारात शब्द घालायचा तर कोणाची संमती लागावी? उत्तर देणाऱ्याने आधी दुसऱ्या बाजूचे म्हणणे तिला पटेल अशा शब्दांत मांडायचे.